भिंत, गल्ली, गेर : एका ब्रँड-गाण्याच्या ट्रीटमेंटचं प्रकरण

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इंदूरच्याच एका नमकीन कंपनीचं काम माझ्याकडे आलं. रंगपंचमीसाठी त्यांनी गाणं करून घेतलं होतं. २ मिनिटं ४० सेकंदांचं, हिंदीत, मधेमधे माळवी ओळी. व्हिडिओ होळीच्या आठवडाभर आधी बाहेर यायला हवा होता. तीन दिग्दर्शकांकडून ट्रीटमेंट, म्हणजे व्हिडिओ कसा करणार याचे लेखी आराखडे, मागवल्या होत्या, मी त्यांतली एक. एजन्सीच्या माणसाने फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं: "मॅडम, गेर भव्य दिसली पाहिजे."

इंदूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रंगपंचमीला आमच्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. टोरी कॉर्नरसारख्या जुन्या गेरी वेगवेगळ्या भागांतून निघून राजवाड्याकडे येतात, टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, यंत्रांनी गुलाल पार गच्चीपर्यंत फेकला जातो, लाखो माणसं रस्त्यावर असतात. मी रामबागेत वाढले. गेर मला पाठ आहे. म्हणून तीन दिवसांत एकतीस पानांची ट्रीटमेंट लिहून पाठवली, आणि ती पडली. हे प्रकरण त्या पडलेल्या ट्रीटमेंटचं आणि तिच्या जागी आठवडाभरात लिहिलेल्या चौदा पानांचं आहे.

पहिली का पडली

पहिल्या ट्रीटमेंटचं पहिलंच वाक्य होतं, "आपण खऱ्या गेरीत उतरणार आहोत." माझ्या निर्मात्यांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते वाचून मला विचारलं, "अगं, व्हिडिओ होळीच्या आधी येणार ना? मग गेर कधी शूट करणार?" रंगपंचमी होळीनंतर पाच दिवसांनी. या वर्षीची गेर या वर्षीच्या व्हिडिओत येऊच शकत नाही. सणावरचं काम नेहमी सणाच्या आधी चित्रित होतं ही साधी गोष्ट मी लिहिण्याच्या भरात विसरले होते, आणि ट्रीटमेंट तोपर्यंत एजन्सीकडे गेलेली होती.

मग बैठकीत मी घाईघाईने म्हटलं, आपण गेर उभी करू. पण ट्रीटमेंटच्या शेवटी बजेटचे तीन टप्पे दिले होते ते असे: पहिल्यात दीडशे माणसं आणि दोन टँकर, दुसऱ्यात साठ माणसं आणि एक टँकर, तिसऱ्यात वीस माणसं आणि बादल्या. कल्पना एकच, फक्त प्रत्येक पायरीला तिचा एकेक अवयव कापलेला. वीस माणसांची गेर म्हणजे इंदूरच्या प्रेक्षकासमोर थट्टाच. ज्याने लहानपणापासून गेर पाहिली आहे त्याला ती एका सेकंदात खोटी वाटणार. म्हणजे खालचा टप्पा मी स्वतःच करायला तयार नव्हते, आणि तरीही कागदावर किंमत लावून विकायला ठेवला होता. क्लायंट नेमका तोच उचलतो, कारण आकडा त्यालाच परवडतो.

तिसरी चूक संदर्भचित्रांची. चौतीस चित्रं लावली होती. त्यांत एक रात्रीचं होतं: परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवातलं, मागून प्रखर दिवे, निळ्या-गुलाबी धुराचे लोट, त्यात काळ्या आकृत्या. मी ते फक्त मागून येणाऱ्या प्रकाशासाठी लावलं होतं, पण तसं कुठे लिहिलं नव्हतं. मार्केटिंगच्या प्रमुखांनी त्यावर बोट ठेवलं. "हेच हवं." पुढची वीस मिनिटं बैठक त्या चित्राभोवती फिरत राहिली. गेर दिवसा निघते, हे सांगायलाही उशीर झाला होता. बैठकीत लोक तुमच्या ओळींबद्दल न बोलता चित्रात काय दिसतंय त्याबद्दल बोलू लागले, की चित्र तुमच्या हातून सुटलं असं समजावं.

त्यांनी आम्हाला नाकारलं नाही. एक आठवडा दिला आणि सांगितलं की बजेट "वीसच्या आसपास" आहे. हा आकडा पुढे पुन्हा येईल.

जी गोष्ट एका दिवसात होते, तिच्यापासून सुरुवात

दुसऱ्या वेळी मी उलट्या बाजूने निघाले. सगळ्यात कमी पैशांत, एका दिवसात, एका जागी काय करता येईल आणि ते अपुरं वाटणार नाही? उत्तर घरातच सापडलं. लहानपणी आजी गेरीला जायची नाही. तिला गेर कळायची ती परत येणाऱ्या माणसांवरून. कोण किती रंगून आला, कोणाचा सदरा फाटला, कोणाच्या डोक्यावर कुठला रंग आहे. आणि बोळाच्या भिंतीला सगळ्यांचे खांदे घासून रंगाचा एक पट्टा उमटायचा, तो दिवाळीच्या चुन्यापर्यंत राहायचा.

ट्रीटमेंटचं पहिलं पान मी आधी मराठीत लिहिते, मग त्याची हिंदी करते. मराठी मसुदा असा होता:

> गेर आपल्याला दिसत नाही. ऐकू येते. एका जुन्या वाड्याचा बोळ, चुन्याची पांढरी भिंत, दारातून येणारं ऊन. घरात फक्त आजी. एकेक जण गेरीतून परततो, भिंतीला घासत आत जातो, आणि जाताना थोडा रंग ठेवून जातो. गाणं संपतं तेव्हा भिंत रंगलेली आहे. गेर त्या भिंतीवर आहे.

सात वाक्यं. यात गर्दी नाही, म्हणून कमी माणसं असणं हा इथे कमीपणा नाही. गेरीचा आवाज दाराबाहेर आहे: ढोल, टँकरचा पंप, माणसांचा कल्लोळ. आवाजाला टँकर लागत नाही.

आता नमकीन. पहिल्या ट्रीटमेंटमध्ये पाकीट तीनदा दिसेल असं लिहून मी मोकळी झाले होते. कंपनीची अडचण मात्र खरी होती, आणि ती त्यांच्याच माणसाने सांगितली होती: रंगलेल्या हातांनी खाताना दाखवलेलं त्यांना चालणार नाही, किळसवाणं दिसतं. नव्या कल्पनेत ही अडचणच कामाला आली. सगळ्या घरात स्वच्छ हात फक्त आजीचे. म्हणून पाकीट तीच फोडते, पोह्यांवर शेव तीच भुरभुरते, आणि हात मागे धरून उभ्या असलेल्या रंगीत नातवांना चमच्याने तीच भरवते. पाकीट काढून टाकलं तर दृश्यच उरत नाही. हे एक पान वाचून कंपनीच्या मालकांनी पहिल्यांदा मान वर केली, असं दादा नंतर म्हणाले.

मग गाण्याचा नकाशा. गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोक्यांची. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरलं तर अडीच सेकंद, म्हणजे २:४० मध्ये बरोबर ६४ आवर्तनं. सुरुवातीचं संगीत आठ आवर्तनं, पहिलं कडवं सोळा, धृपद आठ, दुसरं कडवं सोळा, धृपद आठ, शेवट आठ. प्रत्येक भागासमोर कोण येतं हे लिहिण्याऐवजी मी भिंत कशी दिसते ते लिहिलं. पहिल्या वीस सेकंदांत कोरी. मिनिटभराने खांद्याच्या उंचीवर दोन पुसट पट्टे, गुलाबी आणि पिवळा. दुसऱ्या कडव्यात मुलांच्या उंचीवर हिरवा, आणि ओला रंग खाली ओघळलेला. दोन मिनिटांच्या सुमाराला कोणीतरी तोल सांभाळताना पूर्ण पंजा टेकवतो. शेवटी सगळी भिंत. सहा छोट्या चौकटी, हाताने रंगवलेल्या. हा एक तक्ता पुढे कला विभागाने, कॅमेरामनने आणि संकलकाने वापरला. चित्रीकरणाचा क्रमही त्याच्यातूनच ठरला, कारण रंग एकाच दिशेने जातो. रंगलेला माणूस पुन्हा कोरा करायला अंघोळ आणि नवे कपडे मिळून चाळीस मिनिटं जातात. म्हणून गाण्याच्या क्रमानेच शूट करायचं, मागे जायचं नाही.

नऊ चित्रं, प्रत्येकाला एकच काम

चौतीसांची नऊ केली. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी: यातून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही. दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त कामाची निघाली.

एक चित्र माझ्याच फोनवरचं, वाड्याच्या बोळात सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी घेतलेलं. खाली लिहिलं, "फक्त उन्हाची तिरीप आणि तिची उंची. भिंतीवरची खुंटी आणि वायर घ्यायची नाही." दुसरं माळवा शैलीतलं एक लघुचित्र. या चित्रांत जागेचे सरळ चौकोन पाडलेले असतात, प्रत्येक चौकोनात एकच सपाट, गच्च रंग, आणि त्यावर माणसं कापून चिकटवल्यासारखी उठून दिसतात. मला तेच हवं होतं: भिंत सपाट, माणूस समोरून आडवा जाणारा, खोलीचा आभास नाही. खाली लिहिलं, "फक्त मांडणी. वेशभूषा आणि दागिने नाहीत." ही ओळ नसती तर पुढच्या बैठकीत आजीला घागरा-चोळी चढली असती. तिसरं, लग्नघराच्या दाराशी उमटवलेले हळदीचे पंजे: फक्त पोत, ओल्या रंगाची कडा वाळल्यावर कशी दिसते ते.

सगळ्यात जास्त काम केलं ते चित्राने नाही, वीस सेकंदांच्या चाचणीने. भाच्याला गुलाल फासला, आमच्याच घराच्या गॅलरीत जुनी पांढरी चादर ताणली, आणि तो चादरीला घासत चालत असताना फोन हातात धरून त्याच्या बरोबरीने चालले. मागे गाण्याचं पहिलं कडवं लावलं. क्लायंटने ते तीनदा बघितलं. रात्रीच्या धुराचा विषय परत निघाला नाही.

एक नियम मी तेव्हापासून पाळते. वरच्या बजेटमध्येच शक्य असलेलं चित्र सुरुवातीच्या पानांवर ठेवत नाही. ते त्या टप्प्याच्या पानावरच, त्याच्या आकड्याशेजारी असतं. पहिल्या पानांवर दिसलेली प्रत्येक गोष्ट वाचणाऱ्याच्या मनात सगळ्यात कमी किमतीला जाऊन चिकटते. आणि कोणाच्या तरी छायाचित्रावर किंवा सिनेमातल्या चौकटीवर आपला हक्क नाही, ती फक्त आपसांत बोलण्यासाठी आहे, हेही त्याच पानावर लिहिते. एजन्सीने मागे एकदा असं एक चित्र टीझरमध्ये घालायचं ठरवलं होतं.

बोळ

जागेचं पान लिहिण्याआधी तीन जागा पाहिल्या. राजवाड्याजवळच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या सुंदर आहेत, पण ती होळकरांची स्मारकं. तिथे रंग उधळण्याची परवानगी मागायलाही मला लाज वाटली असती. लालबाग महालाचा विचार एजन्सीचा होता; तिथे आजीचं घर वाटणं शक्य नव्हतं. तिसरी जागा जुन्या वस्तीतला एका मराठी कुटुंबाचा वाडा. बोळ चोवीस फूट लांब, साडेपाच फूट रुंद, दार पूर्वेला.

जागेच्या पानावर बहुतेक ट्रीटमेंटमध्ये सुंदर फोटो असतात आणि खाली विशेषणं. मी तिथे जागेच्या मर्यादा लिहिल्या, कारण निवड त्यांच्यामुळेच पटते. ऊन बोळात फेब्रुवारीच्या मध्यात सव्वा तासच असतं, पावणेनऊ ते दहाच्या सुमारापर्यंत. तेवढ्यात कोरी भिंत आणि पहिला माणूस घ्यायचा. उरलेला दिवस दाराबाहेर उंच स्टँडवर मोठा एलईडी दिवा लावून तेच ऊन उभं करायचं. गल्लीत जनरेटर शिरत नाही, साठ मीटरवर ठेवून केबल ओढायची. चाळीस माणसांचं जेवण शेजारच्या मंगल कार्यालयाच्या अंगणात. वरून घ्यायचं एक ड्रोनचं दृश्य माझ्या मनात होतं, पण विमानतळापासून पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा पिवळ्या क्षेत्रात येतो आणि तिथे उडवायला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते. ड्रोन काढला, आणि का काढला तेही लिहिलं, म्हणजे नंतर कोणी "एखादा ड्रोन शॉट टाका ना" म्हणायचं नाही.

खरी अडचण भिंतीची निघाली. वाड्याच्या काकूंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "अगं, शूटिंग कर, पण भिंतीला हात लावायचा नाही. दिवाळीलाच चुना मारलाय." म्हणजे ज्या भिंतीवर सगळी कल्पना उभी, तीच मिळणार नव्हती. मी दुसरा वाडा शोधायला निघाले होते. कला दिग्दर्शकाने बोळ मोजला आणि सांगितलं, प्लायवूडच्या आठ बाय चारच्या सहा पाट्या उभ्या लावल्या की चोवीस फूट बरोबर भरतात. खऱ्या भिंतीपुढे चार इंचांवर सांगाडा, त्यावर पाट्या, सांधे भरून वर चुन्याचा हात. खऱ्या भिंतीला स्पर्शही नाही. आणि एक फायदा जो खऱ्या भिंतीने कधीच दिला नसता: पाट्यांचे दोन संच केले तर भिंत एकदा पुन्हा कोरी करता येते. चित्रीकरणात एकदा चुकायची मुभा म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे ज्याने रंगाचं काम केलंय त्यालाच कळेल. काकूंची दुसरी अट होती, देवघरापुढून बूट घालून जायचं नाही. तीही ट्रीटमेंटच्या जागेच्या पानावर गेली, कारण सामान नेण्याचा रस्ता त्यामुळे बदलत होता.

याच पानावर सुरक्षेचा एक परिच्छेद होता. तो एजन्सीला काढून टाकायचा होता, कारण "मूड बिघडतो". मी काढला नाही. बाजारातला बराचसा रंगीत गुलाल मक्याच्या पिठाचा असतो, आणि हवेत दाट उडालेलं बारीक पीठ पेट घेतं. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलउद्यानातल्या रंगांच्या कार्यक्रमात असाच भुकटीचा ढग पेटला. १५ माणसं गेली आणि जवळपास ५०० भाजली. साडेपाच फुटांच्या बोळात तापलेल्या दिव्यासमोर गुलाल उडवणं म्हणजे तीच परिस्थिती छोट्या प्रमाणावर तयार करणं. म्हणून ट्रीटमेंटमध्ये लिहिलं: बोळात गुलाल उडवायचा नाही, रंग फक्त अंगाला आणि कपड्यांना ओला लावलेला असेल. बोळात तापणारा दिवा नाही, समई नाही, उदबत्ती नाही. कोरडा गुलाल उडेल तो फक्त बाहेर, मोकळ्या हवेत. याने कल्पनेचं नुकसान काहीच झालं नाही. भिंतीवर ओलाच रंग उमटतो.

वीस म्हणजे किती

टप्प्यांना मी अ, ब, क नावं देत नाही. क म्हटलं की तो आपोआप कमी दर्जाचा वाटतो. काय दिसेल त्यावरून नावं दिली: भिंत, गल्ली, गेर.

"भिंत" म्हणजे पहिल्या पानावरची संपूर्ण कल्पना. एक दिवस चित्रीकरण, आदली संध्याकाळ सेटसाठी, सात कलाकार. दादांनी बसून खर्च काढला: कॅमेरा, दिवे, जनरेटर १.७० लाख, तंत्रज्ञ २.१०, कलाकार १.१०, खोटी भिंत, रंग, पाणी १.२५, कपडे ०.७०, कारण प्रत्येकाचे तीन-तीन जोड. जागा, जेवण, गाड्या ०.९५, संकलन, रंगसंस्कार, ध्वनी १.२०, दिग्दर्शनाचं मानधन १.००. बेरीज दहा लाख. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी आणि पंधरा टक्के निर्मिती संस्थेचे. साडेबारा लाख, जीएसटी वेगळा.

"गल्ली" म्हणजे तेच सगळं, आणि शिवाय दार उघडल्यावर बाहेर गेरीचं शेपूट दिसतं. संपूर्ण दिवस, पन्नास माणसं, एक टँकर. सगळं धरून वीस लाख. "गेर" म्हणजे तेच सगळं, आणि शेवटच्या आठ आवर्तनांत आजी स्वतः उंबरा ओलांडून रस्त्यावर येते. बंद केलेला रस्ता, दीडशे माणसं, पस्तीस लाख. तिन्हींत भिंत तीच, आजी तीच, पाकीट फोडणारे हात तेच. वर जाताना गोष्ट वाढते, खाली येताना काहीही कापलं जात नाही. खालचा टप्पा निवडला असता तरी मी तो आनंदाने केला असता.

बैठकीत त्यांनी "गल्ली" निवडली. वीस त्यांच्या मनातलाच आकडा होता. हात मिळवायच्या आधी दादांनी विचारलं, "साहेब, हे वीस जीएसटी धरून की सोडून?" धरून. त्यांच्या दृष्टीने वीस म्हणजे खात्यातून जाणारे वीस. अठरा टक्के कर वजा जाता आमच्या हातात १६ लाख ९५ हजार येत होते, आणि आमची गल्ली त्यांना २३ लाख ६० हजारांना पडत होती. हा प्रश्न करार करताना निघाला असता तर भांडण झालं असतं. जुन्या पद्धतीचे टप्पे असते तर आम्ही गल्लीतून तीन लाख ओरबाडून काढले असते: थोडी माणसं कमी, थोडे दिवे कमी, एक जोड कपडे कमी, आणि सगळंच थोडं हलकं.

टप्पे एकावर एक रचलेले होते म्हणून आम्ही खालून मोजत वर गेलो. भिंत साडेबारा. उरले ४ लाख ४५ हजार. त्यात साडेतीन लाख प्रत्यक्ष खर्चाची एक सकाळ बसते: अर्धा दिवस, पंचवीस माणसं, टँकरऐवजी गच्चीवरून सोडलेले दोन पाइप, आणि कॅमेरा दारातून बाहेर जायचाच नाही. दाराच्या चौकटीतून पंचवीस माणसं ओसंडून वाहताना दिसतात. त्या चौकटीत दीडशे मावतही नाहीत. दोन्ही टक्के धरून ती सकाळ ४ लाख ३७ हजार ५०० ला पडली. एकूण १६ लाख ८७ हजार ५००, कर धरून १९ लाख ९१ हजार २५०. दादांनी तिथल्याच पॅडवर हे मांडून दाखवलं आणि काम ठरलं.

चित्रीकरणाच्या दिवशी

दोन गोष्टी ट्रीटमेंटने पाहिल्या नव्हत्या. पहिली थंडी. फेब्रुवारीतल्या इंदूरची सकाळ, ओले कपडे, उघडं दार. दुसऱ्याच माणसाचे दात वाजू लागले आणि ते पडद्यावर दिसत होतं. आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यांत पाणी तापवून रंग कोमट केला, घोंगड्या मागवल्या. अनपेक्षित खर्चाच्या रकमेतले अठरा हजार तिथे गेले. आता पाण्याचं काम असेल तर तापमानाची ओळ मी पहिल्या मसुद्यातच लिहिते.

दुसरी गोष्ट मोठी होती. करारात उभ्या चौकटीचे तीन छोटे व्हिडिओही होते, तीस, पंधरा आणि सहा सेकंदांचे. ट्रीटमेंटमध्ये मी लिहिलं होतं, "आडव्या चौकटीतूनच उभे कापता येतील." बोळात कॅमेरा भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर राहत होता. १८ मिलिमीटरच्या लेन्समधून एका वेळी सातेक फूट भिंत दिसायची, आणि बाकीची सरकत्या ट्रॉलीवरून उलगडत जायची. आडव्या चौकटीत ते छान होतं. त्यातूनच उभी चौकट कापली की उरत होती सव्वादोन फूट भिंत. दुपारी जेवणानंतर माझ्या सहायक मुलीने मॉनिटरवर उभी चौकट आखून दाखवली. माणसानेच चौकट भरत होती, आणि त्याच्यामागे भिंत नव्हतीच. ज्या भिंतीवर सगळं उभं होतं ती फोनवर बघणाऱ्याला दिसणारच नव्हती.

तोवर आडव्या चौकटीचं काम शेवटापर्यंत पोचलं होतं. भिंत पूर्ण रंगलेली होती. चुकलं तर उपयोगी पडावा म्हणून ठेवलेला पाट्यांचा दुसरा संच अजून कोरा, अंगणात झाकून उभा होता. तो वापरला तर आजच्या कुठल्याही शॉटला परत जाता येणार नव्हतं. कॅमेरामनने आणि मी जेवणाच्या जागीच बसून सकाळपासूनचे सगळे टेक बघितले. एक सोडून सगळे चालण्यासारखे होते, आणि तो एकही कापून भागवता येण्यासारखा.

पाट्या बदलायला पस्तीस मिनिटं लागली. कॅमेरा नव्वद अंशात उभा फिरवला आणि दारातून बोळाच्या लांबीच्या दिशेने लावला. आता चोवीस फूट भिंत चौकटीच्या एका कडेने आत आत जात होती आणि उभ्या चौकटीत पुरी मावत होती. कॅमेरा जागचा हलवला नाही. सातही जण एकामागोमाग दारातून आत, भिंतीला घासत, टोकाला उभ्या असलेल्या आजीकडे. पंजा टेकवणाऱ्या मुलाचा पाय खरंच घसरला आणि पंजा ठरला होता त्याहून हातभर लांब ओढला गेला. संच एकच होता, म्हणून टेकही एकच. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ तोच आहे, वेग वाढवलेला, एकही काट नाही.